लेक अविवाहित आहे, याची शपथ कुणी घ्यायची?

आमच्या लेकीने ऑग्सबुर्गमध्ये लग्न करायचं ठरवलं, तेव्हा तिथल्या विवाह नोंदणी कार्यालयाने तिच्या हातात कागदांची यादी दिली. पासपोर्ट, जन्मदाखला, राहत्या पत्त्याचा दाखला ही नेहमीची मंडळी त्यात होतीच. पण त्यांच्याबरोबर आणखी एक मागणी होती: वधू आजपर्यंत अविवाहित असल्याचं प्रतिज्ञापत्र, तिचं स्वतःचं आणि शिवाय आईवडिलांचं. होणारा जावई जर्मन. त्याला असलं काहीच करावं लागलं नाही. तो नगरपालिकेच्या खिडकीवर गेला, ओळखपत्र दाखवलं आणि आपल्या वैवाहिक स्थितीचा दाखला घेऊन आला.

लेकीला याचा थोडा राग आला होता. "माझ्यावर विश्वास नाही म्हणून तुम्हाला शपथ घ्यायला लावतात," असं ती फोनवर म्हणाली. मी आणि तिचे बाबा या कामाला लागलो आणि जसजशी माहिती होत गेली, तसं मला वाटू लागलं की यात अविश्वासापेक्षा आपल्याकडच्या नोंदींचा प्रश्न मोठा आहे. जर्मनीत राहणाऱ्या प्रत्येकाला आपला पत्ता सरकारदरबारी नोंदवावा लागतो आणि त्या नोंदीतच माणूस अविवाहित, विवाहित, घटस्फोटित की विधुर हेही लिहिलेलं असतं. तिथे लग्न नोंदणी कार्यालयातच लागतं, त्यामुळे नोंदीबाहेरचं लग्न कायद्याच्या लेखी नसतंच. आपल्याकडे हिंदू विवाह कायद्याप्रमाणे सप्तपदी पूर्ण झाली की लग्न झालं. महाराष्ट्रात 1998 च्या कायद्याने नोंदणी बंधनकारक केली आहे, पण नोंदणी केली नाही म्हणून लग्न रद्द ठरत नाही. मग आपलं कुठलं कार्यालय छातीठोकपणे सांगणार की अमुक मुलीचं लग्न झालेलं नाही? विवाह नोंदणी अधिकारी फार तर लिहून देईल की आमच्या कार्यालयाच्या वहीत या नावाची नोंद सापडली नाही. तो दाखला त्या कार्यालयापुरता. शेजारच्या तालुक्यात, दुसऱ्या राज्यात किंवा एखाद्या देवळात काय झालं, हे त्यावरून कळत नाही.

म्हणून माणसांनी शपथ घ्यायची. ज्यांनी तिला जन्मापासून पाहिलं त्यांनी, आणि तिने स्वतः.

जर्मन कायदा परदेशी वधूवराकडून त्याच्या देशाचं असं प्रमाणपत्र मागतो की याच्या लग्नाला तिकडच्या कायद्याने काही आडकाठी नाही. भारत सरकार असं प्रमाणपत्र देत नाही. तेव्हा त्या अटीतून सूट घ्यावी लागते आणि ती सूट त्या भागातल्या उच्च प्रादेशिक न्यायालयाचे अध्यक्ष देतात. ऑग्सबुर्गसाठी ते न्यायालय म्युनिकला आहे. अर्ज नोंदणी कार्यालयामार्फतच जातो. म्हणजे आमच्या प्रतिज्ञापत्राचा खरा वाचक खिडकीवरचा कारकून नव्हता, तो न्यायालयात बसणारा माणूस होता. हे कळल्यावर मसुदा कसा लिहायचा याचा विचारच बदलला.

पहिला प्रश्न लेकीच्या स्वतःच्या प्रतिज्ञापत्राचा. ती जर्मनीत, स्टॅम्प पेपर पुण्यात. कोर्टाच्या आवारात अशी कामं करून देणारा एक एजंट आम्हाला भेटला. त्याने फार सहज सांगितलं, "मॅडमना यायची गरज नाही. सहीचा नमुना पाठवा, नोटरी करून देतो." मी त्याला नाही म्हटलं आणि त्याचं कारण नुसती तत्त्वनिष्ठा नव्हती. प्रतिज्ञापत्रावर तारीख आणि ठिकाण असतं, "माझ्यासमोर शपथ घेतली" असं नोटरी लिहितो. लेकीच्या पासपोर्टवरच्या विमानतळाच्या शिक्क्यांवरून मात्र ती त्या तारखेला भारतात नव्हती हे कुणालाही दिसतं. शिवाय नोटरीला प्रत्येक कामाची नोंद आपल्या रजिस्टरमध्ये करावी लागते आणि शपथ घेणाऱ्याची सही त्या रजिस्टरमध्येही घेतली जाते. पुढे कुणी ते रजिस्टर उघडून पाहिलं, तर कागद तिथेच पडतो. आणि एक कागद खोटा निघाला की बाकीच्या खऱ्या कागदांकडेही लोक संशयाने पाहू लागतात.

यावर सरळ मार्ग आहे आणि तो कायद्यात लिहिलेला आहे. 1948 च्या एका कायद्याने परदेशातल्या भारतीय राजदूतावासांतल्या आणि वाणिज्य दूतावासांतल्या अधिकाऱ्यांना शपथ देण्याचा आणि नोटरीची कामं करण्याचा अधिकार दिलेला आहे. लेकीने म्युनिकच्या भारतीय वाणिज्य दूतावासात वेळ घेतली, सही न करता मसुदा बरोबर नेला, पासपोर्ट दाखवला आणि अधिकाऱ्यासमोर सही केली. सही आधी करून नेली तर परत करायला लावतात, कारण अधिकारी साक्ष देतो ती सही समोर झाल्याची.

आमचं, म्हणजे आईवडिलांचं प्रतिज्ञापत्र पुण्यातच व्हायचं होतं. यादीत नोटरी किंवा मॅजिस्ट्रेट असे दोन पर्याय होते. तहसील कार्यालयात कार्यकारी दंडाधिकाऱ्यासमोर प्रतिज्ञापत्र होतं, म्हणून आधी सेतू केंद्रात चौकशी केली. तिथल्या मुलाने नम्रपणे सांगितलं की आता बऱ्याच कामांना प्रतिज्ञापत्र लागतच नाही, साध्या कागदावर स्वयंघोषणापत्र चालतं. त्याचं बरोबर होतं. राज्य सरकारने 2015 मध्ये लोकांचा त्रास वाचवण्यासाठी तशी सोय केली. पण ती सोय राज्य सरकारच्या कामांसाठी आहे. स्वयंघोषणापत्रात शपथ देणारा अधिकारी नसतो आणि परदेशातल्या कार्यालयाला नेमका तोच हवा असतो. आम्ही नोटरीकडे गेलो.

मुद्रांकाचा दर 2024 च्या ऑक्टोबरमध्ये वाढला. शंभराच्या कागदावर होणारी कामं पाचशेच्या कागदावर गेली. स्टॅम्प पेपर मी माझ्या नावाने घेतला आणि यजमानांनी त्यांच्या नावाने, कारण प्रतिज्ञापत्रं दोन होती आणि कागद शपथ घेणाऱ्याच्याच नावाचा असावा हे नोटरी वकीलबाईंनी आधी बजावलं होतं. लेकीच्या नावाने घेतलेल्या कागदावर आईने शपथ घेतली, तर चौकशी करणाऱ्याच्या मनात उगाच शंका येते.

आता मसुदा. बाजारात मिळणारा मसुदा दोन ओळींचा असतो: माझी मुलगी अमुक अविवाहित आहे आणि हे माझ्या माहितीप्रमाणे खरं आहे. वकीलबाईंनी तो बाजूला ठेवला. त्यांचं म्हणणं मला फार पटलं. त्या म्हणाल्या, "ताई, तुम्हाला हे कशावरून माहीत, ते लिहा. शपथेचं वजन तिथे आहे." म्हणून आम्ही लिहिलं की ती जन्मापासून नोकरीसाठी जर्मनीला जाईपर्यंत आमच्याच घरी राहिली, कॉलेजची वर्षंही तिने घरी राहूनच काढली, जर्मनीला कोणत्या महिन्यात गेली, त्यानंतर सुट्टीला येते ती आमच्याकडेच. तिचं कुठल्याही धार्मिक विधीने, रूढीने किंवा नोंदणी पद्धतीने, भारतात किंवा भारताबाहेर लग्न झालेलं नाही. होणाऱ्या नवऱ्याचं पूर्ण नाव, जन्मतारीख आणि राष्ट्रीयत्व, आणि त्याच्याशी तिचं रक्ताचं नातं नाही, हेही घातलं. तिच्या जर्मनीतल्या वर्षांबद्दल मात्र वकीलबाईंनी शब्द जपून वापरले. तिथलं आम्ही डोळ्यांनी पाहिलेलं नाही. त्या वर्षांसाठी "आमच्या माहितीप्रमाणे" असं लिहिलं आणि त्या काळाची पूर्ण शपथ तिच्या स्वतःच्या प्रतिज्ञापत्रात आली. दोन कागद एकमेकांना पूरक झाले. त्यातला एक नसता तर दुसरा लंगडा पडला असता.

घटस्फोट झालेल्या मुलामुलींच्या घरी तर हा मसुदा आणखी जपून करावा लागतो. आमच्या नात्यातल्या एका मुलाला कुणीतरी सल्ला दिला होता की "सध्या अविवाहित" एवढंच लिही, जुनं कशाला उकरायचं. असं कधीच करू नये. पहिलं लग्न कधी झालं, कोणत्या न्यायालयाचा हुकूमनामा कोणत्या तारखेचा आहे आणि त्यानंतर पुन्हा लग्न झालेलं नाही, हे तिन्ही लिहायला हवं आणि हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत जोडायला हवी. खोटं प्रतिज्ञापत्र हा आपल्याकडे गुन्हा आहे आणि तिकडे लपवलेलं लग्न बाहेर आलं तर नवं लग्नच अडचणीत येतं.

नावांनी आम्हाला थोडं छळलं. लेकीच्या जन्मदाखल्यावर माझं नाव एका स्पेलिंगने, तिच्या पासपोर्टवर दुसऱ्या, आधारवर तिसऱ्या. मराठी माणसाला हे नवीन नाही. पण जर्मन कारकुनाला त्या तीन बायका वाटतात. प्रतिज्ञापत्रात तिन्ही स्पेलिंगं लिहून ही एकच व्यक्ती म्हणजे मी, असं स्वतंत्र कलम घातलं. माझं माहेरचं नावही घातलं. त्याचा उपयोग पुढे झाला.

कागद इंग्रजीत केला, कारण त्याचं जर्मन भाषांतर तिथल्या न्यायालयाने नेमलेल्या शपथबद्ध भाषांतरकाराकडूनच व्हावं लागतं आणि इंग्रजीवरून ते करणारे सहज मिळतात. मला इंग्रजी वाचता येतं, पण कायद्याचं इंग्रजी वाचताना मी अडखळते. वकीलबाईंनी एकेक परिच्छेद मराठीत समजावून सांगितला आणि शेवटी तसं लिहिलंही, की मजकूर शपथ घेणारीला मराठीत समजावून दिला आहे. प्रत्येक पानावर सही, शेवटच्या पानावर फोटो, त्यावर अर्धी आत अर्धी बाहेर येईल अशी सही, नोटरीचा गोल शिक्का, तिकीट, रजिस्टरचा अनुक्रमांक. मग त्यांच्या रजिस्टरमध्ये आमच्या सह्या.

यानंतर घरात वाद झाला तो अपोस्टिलवरून. दीर म्हणाले, मैत्रिणी म्हणाल्या, एजंट तर म्हणालेच: परराष्ट्र मंत्रालयाच्या अपोस्टिलशिवाय परदेशात कागद चालत नाही. अपोस्टिल म्हणजे 1961 च्या हेग करारातलं प्रमाणपत्र. भारत त्या करारात 2005 च्या जुलैपासून आहे. ते कसं मिळतं, ते मी नीट समजून घेतलं. परराष्ट्र मंत्रालय काही पुण्यातल्या प्रत्येक नोटरीची सही ओळखत नाही. म्हणून नोटरीच्या सहीवर आधी राज्य सरकारच्या अधिकाऱ्याची सही घ्यायची, त्या अधिकाऱ्याच्या सहीचा नमुना मंत्रालयाकडे असतो, मग तिच्यावर मंत्रालय अपोस्टिलचा स्टिकर लावतं. सरकारी फी कागदामागे फक्त 50 रुपये. बाकी पैसे जातात ते नेमून दिलेल्या एजन्सीच्या सेवाशुल्काला आणि मधल्या माणसाला, कारण 2012 पासून मंत्रालय लोकांकडून थेट कागद घेत नाही. या साऱ्या साखळीत प्रत्येक जण साक्ष देतो ती आपल्या आधीच्या सहीची. आमची लेक अविवाहित आहे, असं त्यातला एकही अधिकारी म्हणत नाही.

आणि जर्मनीच्या बाबतीत ही साखळी मुळातच तुटलेली आहे. भारत हेग करारात आला तेव्हा जर्मनीने आक्षेप नोंदवला आणि तो आक्षेप कायम आहे. कराराचा नियमच असा, की आक्षेप घेणारा देश आणि नव्याने आलेला देश यांच्यात करार लागू होत नाही. हेग परिषदेच्या संकेतस्थळावर सदस्य देशांचा तक्ता आहे, त्यात भारताच्या ओळीत हे कुणालाही पाहता येतं. अपोस्टिलसाठी एजंटने सांगितलेला आकडा आठ हजारांच्या पुढचा होता. लेकीने नोंदणी कार्यालयाला पत्र लिहून विचारलं. उत्तर आलं की भारतीय अपोस्टिलचा आम्हाला उपयोग नाही, कागद पडताळणीला जातील.

ही पडताळणी कशी होते, हे फार कुणाला ठाऊक नसतं, म्हणून सविस्तर सांगते. भारतातल्या जर्मन दूतावासांनी भारतीय कागदांवर नुसता शिक्का मारण्याचं काम बंद केलेलं आहे. त्याऐवजी जर्मनीतलं कार्यालय दूतावासाला विनंती करतं, आणि दूतावास आपल्या विश्वासातल्या भारतीय वकिलाला प्रत्यक्ष चौकशीला पाठवतो. विनंती कार्यालयानेच करायची असते, आपण दूतावासात जाऊन "आमचे कागद तपासा" म्हणू शकत नाही. खर्च मात्र लग्न करणाऱ्यांचा, आणि तो आगाऊ भरावा लागतो. लेकीला एक लांबलचक प्रश्नावली भरायला दिली होती. त्यात आत्तापर्यंतचे सगळे पत्ते, घर सापडेल अशा खुणा, शाळांची नावं आणि वर्षं, नातेवाइकांची नावं, शेजाऱ्यांची नावं. "पुणे 38" एवढ्यावर भागत नाही. कुठल्या देवळासमोरची गल्ली, कितवा मजला, गावी घर कुठे, असं सगळं. ती लिहून माझ्याकडे पाठवायची आणि मी दुरुस्त करायची. गावाकडच्या पत्त्यात मी आमच्या घराण्याचं गावातलं नाव घातलं, कारण तिथे कागदावरच्या आडनावाने कुणी विचारलं तर पोस्टमनही गोंधळतो.

वकील आले ते न कळवता. आधी खाली वॉचमनशी बोलले, मग समोरच्या काकूंशी, मग आमच्या दारात. शांत, सभ्य गृहस्थ. त्यांनी प्रतिज्ञापत्रांच्या मूळ प्रती पाहिल्या, मला ती कुठे आणि कुणासमोर केली हे विचारलं, लेकीची शाळा विचारली, भावंडं विचारली, मग पुन्हा फिरून विचारलं की तिचं याआधी कुठे ठरलं होतं का. मी खरं सांगितलं, की एका स्थळाशी बोलणी झाली होती, पुढे काही झालं नाही. त्यांनी ते लिहून घेतलं. बोलणी होणं म्हणजे लग्न होणं नव्हे, हे त्यांना समजावून सांगावं लागलं नाही आणि इथेच मला भारतीय वकील पाठवण्यातला शहाणपणा दिसला. नंतर कळलं की ते महापालिकेत जन्मनोंद तपासायला आणि वकीलबाईंकडे रजिस्टर पाहायलाही गेले होते. आमच्या सह्या तिथे होत्या. माझ्या माहेरच्या गावी गेले तेव्हा लोकांनी मला माहेरच्याच नावाने ओळखलं, आणि ते नाव प्रतिज्ञापत्रात होतं.

समोरच्या काकूंना मात्र धक्का बसला. त्यांना वाटलं, मुलीचं काहीतरी बिनसलंय, पोलीस चौकशी आहे. ज्यांच्या घरी अशी पडताळणी व्हायची आहे, त्यांनी शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवलेलं बरं. काय बोलायचं ते पढवायचं नाही, असा माणूस येणार आहे एवढंच सांगायचं. घाबरलेला शेजारी "मला काही माहीत नाही" म्हणतो, आणि मुलीला लहानपणापासून पाहणाऱ्या बाईच्या तोंडचं ते उत्तर अहवालात चांगलं दिसत नाही.

अहवाल यायला काही महिने गेले. त्या काळात एक वेगळीच काळजी होती. अशा प्रतिज्ञापत्रांना कार्यालयं साधारण सहा महिन्यांचीच मुदत धरतात, आणि वाट पाहण्यातच ती संपत आली. लेकीने आधीच विचारून ठेवलं होतं, की पडताळणीला दिलेल्या तारखेला कागद ताजा असला तर चालेल का. ऑग्सबुर्गच्या कार्यालयाने होय म्हटलं. दुसरीकडच्या कार्यालयाने नवीन प्रतिज्ञापत्र मागितल्याचं लेकीच्या एका सहकाऱ्याने सांगितलं, म्हणून तिने हे उत्तर लेखी घेतलं होतं. न्यायालयाची सूटही मिळाल्यापासून सहाच महिने चालते. त्या अवधीत लग्न लागलं नाही तर अर्ज पुन्हा करायचा. म्हणून सूट हातात येईपर्यंत आम्ही विमानाची तिकिटं काढली नाहीत, हॉल तर नाहीच नाही. सूट आली आणि मग तारीख ठरली.

आता माझ्या भाच्याचं लग्न इटलीत व्हायचं आहे. बहिणीने माझी फाइल मागितली. मी ती दिली, पण सांगितलं की यातला मसुदा सोडला तर फारसं काही कामाचं नाही. इटलीच्या दिवाणी संहितेचं 116 वं कलम परदेशी माणसाकडून त्याच्या देशाच्या अधिकाऱ्याचं ना हरकत पत्र मागतं, आणि ते तिथला भारतीय दूतावासच देतो. तिथे चौकशीला वकील येत नाही. भाच्याला मिलानच्या भारतीय वाणिज्य दूतावासाने आईवडिलांचं प्रतिज्ञापत्र मागितलं आहे आणि ते अपोस्टिलसह हवं आहे. इटलीने भारताबद्दल आक्षेप घेतलेला नाही, त्यामुळे जी साखळी आम्हाला निरुपयोगी होती, तीच बहिणीला पुरी करावी लागेल: नोटरी, राज्य सरकार, परराष्ट्र मंत्रालय. मग दूतावासाचं पत्र, आणि त्या पत्रावरची दूतावासाच्या अधिकाऱ्याची सही तिथल्या प्रिफेक्ट कार्यालयाकडून प्रमाणित करून घ्यायची, 16 युरोचं तिकीट लावून. बहीण उद्या स्टॅम्प पेपर घ्यायला निघाली आहे. तिच्या नावाचा एक आणि मेहुण्यांच्या नावाचा एक.